पीएच बरोबर, निदान चूक: पातळ झालेल्या धमनी-रक्ताच्या एका नमुन्याचा अभ्यास

धमनीतल्या रक्ताची वायुतपासणी, म्हणजे एबीजी, चुकते तेव्हा दोष बहुतेक वेळा यंत्राचा नसतो. सुई टोचल्यापासून नमुना यंत्रात जाईपर्यंतच्या वेळात काहीतरी घडलेलं असतं. खालचं प्रकरण अभ्यासासाठी बेतलेलं आहे. आकडे मात्र असे ठेवले आहेत की कागद-पेन घेऊन कुणालाही पडताळता यावेत. यात तीन चुका एकाच सिरिंजमध्ये झाल्या आणि त्यांनी मिळून श्वसनाचा आजार चयापचयाचा करून दाखवला.

रुग्ण आणि पहिला अहवाल

बासष्ट वर्षांचे गृहस्थ. अनेक वर्षांचा सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार, दोन दिवसांपासून दम वाढलेला, आज सकाळपासून गुंगी. श्वास मिनिटाला ३०, व्हेंच्युरी मास्कवर २८ टक्के ऑक्सिजन चालू, बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा ८७ टक्के. हात पुढे करून मनगटं ताणायला सांगितली की तळवे फडफडत होते, ही कार्बन डायऑक्साइड साठल्याची एक खूण. सकाळच्या नेहमीच्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन १४.६, क्रिएटिनिन ०.९ आणि शिरेतल्या रक्तातलं बायकार्बोनेट ३० आलं होतं, पण तो कागद अजून फाइलला लागायचा होता.

९ वाजून १० मिनिटांनी मनगटातल्या रेडियल धमनीतून नमुना घेतला. वॉर्डातल्या तयार एबीजी सिरिंज संपल्या होत्या, म्हणून साधी २ मिलीची प्लॅस्टिक सिरिंज आणि रक्त गोठू नये म्हणून ५००० युनिट प्रति मिलीची हेपॅरिनची कुपी वापरली. सिरिंजमध्ये हेपॅरिन ओढून आतून फिरवलं, पण पूर्ण बाहेर ढकललं नाही. तळाशी सुमारे ०.३ मिली राहिलं. धमनी पटकन सापडली नाही, रक्त जेमतेम ०.७ मिली आलं. सुई काढण्याआधी सुईतलं रक्त आत घ्यावं म्हणून दट्ट्या किंचित मागे ओढला गेला आणि त्याबरोबर ०.१ मिलीच्या आसपास हवा शिरली. टोपी लावली, नमुना पाठवला. अतिदक्षता विभागातलं यंत्र त्या वेळी स्वच्छतेच्या चक्रात होतं. सिरिंज ट्रेमध्ये पडून राहिली. खोलीत २८ अंश तापमान होतं. ९ वाजून ५८ मिनिटांनी, म्हणजे ४८ मिनिटांनी, नमुना यंत्रात गेला.

अहवाल असा आला: पीएच ७.२६, कार्बन डायऑक्साइडचा दाब ४२, ऑक्सिजनचा दाब ८४, बायकार्बोनेट १८.३, हिमोग्लोबिन १०.२, ऑक्सिजन संपृक्तता ९४ टक्के, पोटॅशियम २.६, आयनित कॅल्शियम ०.४८, ग्लुकोज ८६, लॅक्टेट १.६.

निवासी डॉक्टरांनी तो नेहमीच्या क्रमाने वाचला. पीएच कमी, म्हणजे रक्त आम्लधर्मी. बायकार्बोनेट कमी, म्हणजे मूळ चयापचयाचं. मग श्वसनाची भरपाई पुरेशी आहे का ते पाहिलं: बायकार्बोनेटची दीडपट अधिक ८, म्हणजे ३५.५ च्या आसपास दाब अपेक्षित. प्रत्यक्षात ४२. म्हणून लिहिलं, "चयापचयजन्य आम्लता, श्वसनाची भरपाई अपुरी." ऑक्सिजन समाधानकारक. पोटॅशियम धोकादायक कमी. त्यानुसार आखणी झाली: सलाइन वाढवायचं, पोटॅशियम शिरेतून सुरू करायचं, आम्लतेचं कारण शोधायचं. मास्कद्वारे श्वसनाधार देण्याचा विचार मागे पडला, कारण कार्बन डायऑक्साइड तर ४२ च होता.

वाचनाच्या पायऱ्यांमध्ये एकही चूक नाही. चूक होती ती वाचलेल्या आकड्यांत.

अहवाल आतून सुसंगत का दिसला

अहवाल खरा की खोटा हे तपासायला पुष्कळ जण हेंडरसनच्या समीकरणात आकडे घालून बघतात: हायड्रोजन आयन = २४ × कार्बन डायऑक्साइडचा दाब ÷ बायकार्बोनेट. इथे २४ × ४२ ÷ १८.३ केलं की ५५ येतात, आणि ५५ नॅनोमोल म्हणजे पीएच ७.२६. अगदी चपखल जुळलं. पण ते जुळणारच होतं. यंत्र मोजतं ते पीएच आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब. बायकार्बोनेट याच समीकरणाने काढून छापतं. ज्या सूत्राने आकडा काढला त्याच सूत्राने तो तपासला तर उत्तर नेहमी बरोबरच येईल. ही पडताळणी हाताने उतरवलेल्या अहवालातली लेखनचूक पकडते. सिरिंजमध्ये काय घडलं ते तिला कळत नाही.

सिरिंजमधली चूक पकडायची तर आकडे अहवालाच्या बाहेरच्या कशाशी तरी ताडून पाहावे लागतात. इथे अशा जागा बऱ्याच होत्या. बोटावरचं यंत्र ८७ दाखवत असताना रक्तात ९४ कसे? लॅक्टेट १.६, क्रिएटिनिन ठीक, लघवीत कीटोन नाहीत. मग बायकार्बोनेट १८ पर्यंत खेचणारं आम्ल आलं कुठून? ०.४८ आयनित कॅल्शियम असलेल्या माणसाला पेटके यायला हवेत, हृदयाची लय बिघडायला हवी. त्यातलं काहीच नव्हतं. आणि तळवे फडफडणारा, गुंगीतला सीओपीडीचा रुग्ण समोर असताना कार्बन डायऑक्साइड ४२ हा आकडा एकटाच संशयाला पुरेसा आहे.

शेवटी धागा सापडला तो हिमोग्लोबिनमध्ये. सकाळचा कागद फाइलला लावताना सिस्टरांनी विचारलं, "डॉक्टर, सकाळी चौदा सहा होतं, आता दहा दोन. कुठून रक्त गेलंय का?" रक्त कुठूनच गेलेलं नव्हतं. १०.२ भागिले १४.६ म्हणजे ०.७. सिरिंजमधल्या दर दहा भागांत सात रक्ताचे होते, तीन दुसऱ्या कशाचे तरी.

दुसरा नमुना

१० वाजून २० मिनिटांनी पुन्हा नमुना घेतला, ऑक्सिजन न बदलता. ऑक्सिजनची मात्रा बदलली असती तर सीओपीडीच्या रुग्णात २० ते ३० मिनिटं थांबावं लागलं असतं, नाहीतर दोन नमुन्यांची तुलनाच झाली नसती.

या वेळी शेजारच्या वॉर्डातून कोरड्या हेपॅरिनची सिरिंज आणली. तिच्यात हेपॅरिन सुकवलेल्या स्वरूपात असतं, द्रव नसतो. दट्ट्या आधीच १.५ मिलीच्या खुणेवर ठेवला. मनगटाखाली गुंडाळलेला टॉवेल, सुमारे ४५ अंशांत सुई, आणि रक्त स्वतःच्या दाबाने ठोक्याठोक्याने वर चढू दिलं. दट्ट्या ओढावा लागला नाही. त्यामुळे हवा शिरायला वाव राहिला नाही आणि रक्त धमनीचंच आहे याचीही खात्री पटली. सुई काढून सुरक्षित डब्यात टाकली, टोचल्या जागी पाच मिनिटं घट्ट दाब धरायला सिस्टर थांबल्या. इकडे सिरिंजचं तोंड वर करून बोटाने टिचक्या मारल्या, वर गोळा झालेली हवा कापसाच्या बोळ्यात रक्ताचा थेंब येईपर्यंत बाहेर ढकलली आणि लगेच टोपी बसवली. मग अर्धा मिनिट दोन तळव्यांत गोल फिरवली, मधूनमधून उलटीसुलटी केली. हलवाहलव हवा काढून झाल्यावरच करायची. आधी केली तर बुडबुड्याचा फेस होतो, आणि फेस झालेली हवा रक्तापासून वेगळी काढताच येत नाही.

नमुना नऊ मिनिटांत यंत्रात गेला. यंत्राला लावण्याआधी पुन्हा एकदा फिरवून तोंडाशी असलेले पहिले दोन थेंब टाकून दिले.

| | पहिला | दुसरा |
|---|---|---|
| पीएच | ७.२६ | ७.२८ |
| कार्बन डायऑक्साइडचा दाब (मिमी पारा) | ४२ | ६४ |
| ऑक्सिजनचा दाब (मिमी पारा) | ८४ | ५८ |
| बायकार्बोनेट (मिलिमोल/लिटर) | १८.३ | २९.३ |
| संपृक्तता (टक्के) | ९४ | ८६ |
| हिमोग्लोबिन (ग्रॅम/डेसिलिटर) | १०.२ | १४.६ |
| पोटॅशियम (मिलिमोल/लिटर) | २.६ | ४.४ |
| आयनित कॅल्शियम (मिलिमोल/लिटर) | ०.४८ | १.१४ |
| ग्लुकोज (मिग्रॅ/डेसिलिटर) | ८६ | १३८ |
| लॅक्टेट (मिलिमोल/लिटर) | १.६ | १.८ |

दुसरा अहवाल बाहेरच्या प्रत्येक गोष्टीशी जुळतो: हिमोग्लोबिन सकाळच्या तपासणीशी, बायकार्बोनेट शिरेतल्या ३० शी, संपृक्तता बोटावरच्या ८७ शी. निदान उघड आहे, जुन्या कार्बन डायऑक्साइड-संचयावर नव्याने चढलेली श्वसनजन्य आम्लता. पोटॅशियमची पिशवी अजून जोडलेली नव्हती, ती परत गेली. मास्कद्वारे श्वसनाधार सुरू झाला. तासाभराने पीएच ७.३४ आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब ५५ झाला.

हेपॅरिनने काय केलं

तिन्ही चुकांत सर्वांत मोठा वाटा पातळ होण्याचा. ०.७ मिली रक्तात ०.३ मिली द्रव मिसळला म्हणजे ३० टक्के पातळ झालं, असं वरवर दिसतं. पण हा द्रव पेशींत शिरत नाही, प्लाझ्मात मिसळतो. रक्तातला पेशींचा वाटा, म्हणजे हिमॅटोक्रिट, ४४ टक्के धरला तर ०.७ मिली रक्तात प्लाझ्मा असतो ०.३९ मिली. त्यात ०.३ ची भर पडून तो ०.६९ होतो. म्हणजे प्लाझ्मा ४० टक्क्यांहून जास्त पातळ झाला. पोटॅशियम ४.४ चं थेट २.६ वर आलं ते यामुळे. कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट थोडे सावरतात, कारण तांबड्या पेशींमधला साठा बाहेर येऊन ती तूट अंशतः भरतो. तरी तिसऱ्या हिश्शाहून जास्त घट राहिलीच.

पीएच मात्र जागचा हलला नाही, आणि या प्रकरणातली फसगत नेमकी इथे आहे. पीएच ठरतो तो बायकार्बोनेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांच्या गुणोत्तरावर. दोन्ही सारख्याच प्रमाणात पातळ झाले की गुणोत्तर तेच राहतं, आणि शिवाय हिमोग्लोबिनचा आधार असतोच. पीएच रुग्णाच्या अवस्थेशी जुळतो, म्हणून अहवालावर विश्वास बसतो. त्याच्या शेजारचे दोन आकडे मात्र सोबतच घसरलेले असतात, आणि श्वसनजन्य आम्लता चयापचयजन्य दिसू लागते. रुग्णाचा कार्बन डायऑक्साइड मुळात ४० असता तर हाच नमुना २६ दाखवून गेला असता, आणि कुणीतरी 'भरपाई चांगली आहे' असंही लिहिलं असतं.

हेपॅरिनची मात्राही पाहण्यासारखी आहे. ०.३ मिलीत १५०० युनिट; ०.७ मिली रक्ताला वाटून आले २१०० हून अधिक युनिट प्रति मिली. कोरड्या सिरिंजमध्ये हे प्रमाण साधारण २० ते ५० च्या आसपास असतं. हेपॅरिनचा रेणू ऋणभारित असल्यामुळे कॅल्शियमला धरून ठेवतो. त्यामुळे आयनित कॅल्शियम पातळ होण्याने पडलं आणि वरून बांधलंही गेलं. म्हणूनच चांगल्या सिरिंजमध्ये कॅल्शियमशी समतोल साधलेलं हेपॅरिन घालतात. सोडियमवर तर अशा नमुन्यात बोलूच नये, कारण कुपीतलं हेपॅरिन हे स्वतःच सोडियमचं क्षार असतं.

कोरडी सिरिंज नसेलच तर द्रव हेपॅरिन वापरता येतं, पण मर्यादा माहीत असून. कमी तीव्रतेची, १००० युनिटची कुपी घ्यावी. आतून लेप देऊन दट्ट्या तळाशी टेकेपर्यंत सगळं बाहेर ढकलावं. इतकं करूनही सिरिंजच्या तोंडात आणि सुईत ०.१ मिलीच्या आसपास द्रव राहतोच. त्यावर २ मिली रक्त घेतलं तर पातळपणा ५ टक्क्यांच्या आत राहतो. १ मिली घेतलं तर ९ टक्के होतो. म्हणून द्रव हेपॅरिनसोबत 'थोडंसं रक्त पुरे' चालत नाही. कोरड्या सिरिंजमध्ये रक्त कमी पडलं तर पातळ होण्याचा प्रश्न नसतो, पण हेपॅरिनचं प्रमाण वाढून कॅल्शियम घसरू शकतं.

०.१ मिली हवा

हा बुडबुडा साबुदाण्याच्या दाण्याएवढा दिसतो, म्हणून तो कुणाला मोठा वाटत नाही. हिशोब करू. हवेत २१ टक्के ऑक्सिजन, म्हणजे त्यात ०.०२१ मिली ऑक्सिजन. ०.७ मिली रक्तातलं हिमोग्लोबिन सुमारे ०.१ ग्रॅम, आणि एक ग्रॅम हिमोग्लोबिन १.३४ मिली ऑक्सिजन धरतं. म्हणजे या नमुन्याची पूर्ण क्षमताच ०.१४ मिली. संपृक्तता ८६ वरून ९४ वर न्यायला त्याच्या ८ टक्के, सुमारे ०.०११ मिली ऑक्सिजन पुरे. बुडबुड्यातला निम्मा ऑक्सिजन एवढं काम करू शकतो. ४८ मिनिटांत आणि वाहतुकीतल्या हिंदकळण्यात त्याला वेळही भरपूर मिळाला.

कार्बन डायऑक्साइडवर त्याच बुडबुड्याचा परिणाम किरकोळ होतो. रक्तात तो बायकार्बोनेटच्या रूपात मुबलक असतो, आणि ०.१ मिली हवेत मावतो तो मिलीच्या काही हजारांशांइतका. तेव्हा या नमुन्यात ६४ चे ४२ हवेने केले असं समजू नये. ते हेपॅरिनचं काम. हवेचा ठसा ऑक्सिजनवर शोधावा. बुडबुडा रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब हवेतल्या दाबाच्या, म्हणजे सुमारे १५० च्या दिशेने ओढतो. रुग्णाचा दाब ५८ असेल तर तो वर चढतो. भरपूर ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णाचा ३०० असेल तर तोच बुडबुडा तो खाली आणतो. चूक एकच, पण तिची दिशा रुग्णाप्रमाणे उलटते.

४८ मिनिटं

सिरिंजमधलं रक्त जिवंत असतं. तांबड्या पेशी ग्लुकोज वापरून लॅक्टिक आम्ल बनवत राहतात. पांढऱ्या पेशी त्याखेरीज ऑक्सिजन खातात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. सामान्य पेशीसंख्या असताना खोलीच्या तापमानाला तासाभरात पीएच ०.०२ ते ०.०३ ने उतरतो, कार्बन डायऑक्साइडचा दाब एक-दोन मिमीने चढतो, ग्लुकोज पाच-सात टक्क्यांनी घटतं, लॅक्टेट थोडं वाढतं. ७.२८ चे ७.२६ होण्यात याचा हात आहे.

पण लॅक्टेटची ओळ बघा: १.६ आणि १.८, जवळजवळ सारखे. या ओळीत दोन चुका एकमेकींना झाकून गेल्या आहेत. पातळ होऊन १.८ चं १.१-१.२ झालं, मग उशिरामुळे पुन्हा वर चढून १.६ झालं. ग्लुकोजच्या ओळीत त्याच दोन चुका एकाच दिशेने लागल्या आणि १३८ चे ८६ झाले. ऑक्सिजनमध्येही हवा वर ओढत होती आणि उशीर खाली. म्हणून एखादा आकडा बरोबर दिसला म्हणजे नमुना चांगला होता असं ठरत नाही.

प्लॅस्टिकची सिरिंज खोलीच्या तापमानाला ठेवून ३० मिनिटांच्या आत तपासावी, हा नियम या बदलांवरूनच बसवलेला आहे. उशीर होणार असं दिसलं की बर्फ मागवायची सवय काचेच्या सिरिंजच्या काळातली. काचेतून वायू जात नाही, प्लॅस्टिकमधून जातो. थंड झाल्यावर हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट धरतं, सिरिंजमधला दाब पडतो आणि बाहेरचा ऑक्सिजन भिंतीतून आत झिरपतो. यंत्रात नमुना ३७ अंशांवर आला की तो जादा ऑक्सिजन दाब वाढवून दाखवतो. शिवाय थंडीत पेशींचा सोडियम-पोटॅशियम पंप मंदावून पोटॅशियम बाहेर गळतं. यंत्र अडलेलं असेल तर सिरिंज बर्फात घालण्यापेक्षा दुसऱ्या यंत्राकडे न्यावी, नाहीतर यंत्र मोकळं झाल्यावर नवा नमुना घ्यावा.

एक रुग्ण याला अपवाद. रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशी लाखाच्या वर गेल्या असतील तर ३० मिनिटांची मुभा विसरायची. तिथे काही मिनिटांतच सिरिंजमधला ऑक्सिजन पेशी संपवून टाकतात आणि बोटावर ९७ दाखवणाऱ्या माणसाचा दाब ४५ येऊ शकतो. असा नमुना खाटेशेजारी, लागलीच तपासावा. तसं यंत्र नसेल तर बर्फात ठेवून धावत न्यावा, कारण तिथे पेशींची भूक प्लॅस्टिकच्या झिरपण्याहून कितीतरी मोठी असते.

पहिल्या अहवालाचं काय करायचं

हिमोग्लोबिनच्या गुणोत्तरावरून ३० टक्के पातळपणा कळला, तर ४२ ला ०.७ ने भागून खरा दाब काढावा असा मोह होतो. उत्तर ६० येतं, खरा होता ६४. पोटॅशियम तसंच काढलं तर ३.७ येतं, खरं ४.४. दर घटक पेशी आणि प्लाझ्मा यांत वेगळा वाटलेला असतो, कॅल्शियम बांधलं गेलेलं असतं, हवा किती मिसळली हे ठाऊक नसतं. हा भागाकार नमुना पातळ झाला आहे हे सिद्ध करायला उपयोगी. उपचाराचा आकडा काढायला नाही.

म्हणून पहिला अहवाल फाइलमधून फाडला नाही. त्यावर 'नमुना अग्राह्य: द्रव हेपॅरिनने पातळ, हवा, ४८ मिनिटं उशीर' असं लिहून वेळ घातली, आणि यंत्राच्या नोंदीतही तशीच खूण केली. नाहीतर संध्याकाळच्या पाळीतल्या कुणी पडद्यावर आधीचे आकडे उघडले असते, तर बायकार्बोनेट तासाभरात १८ वरून २९ वर गेलेलं दिसलं असतं आणि त्यांनी त्याचं कारण रुग्णात शोधलं असतं. नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर आता घेतल्याची वेळ, ऑक्सिजनची टक्केवारी, रुग्णाचं तापमान आणि त्या क्षणीचा ऑक्सिमीटरचा आकडा या चार गोष्टी लिहिल्याखेरीज तंत्रज्ञ नमुना यंत्राला लावत नाहीत.